किलकिले डोळे उघडताना माणूस तोच राहायला हवा

डिसेंबरातली दुपार, म्हार्दोळच्या देवळाचं अंगण आणि समोर चुन्याने रंगवलेली पांढरीशुभ्र भिंत. अशा जागी कुणालाही उभं करा, डोळे किलकिले होणारच. वरून ऊन, समोरून भिंतीचा उजेड, खालून फरशीचा. फोंड्यात स्टुडिओ चालवताना मला हा प्रकार आठवड्यातून दोनदा तरी भेटतो. लग्न, मुंज, देवकार्य झालं की घरातली सून किंवा लेक पेनड्राइव्ह घेऊन येते आणि म्हणते, "आईचा हाच एक फोटो बरा आलाय, पण डोळे मिटल्यासारखे दिसतात. जरा उघडून द्या ना. पण आई आईच दिसली पाहिजे हां."

काम त्या शेवटच्या वाक्यात आहे. पापण्या वर-खाली ढकलायला कुणीही पाच मिनिटांत शिकतो. किती ढकलायच्या आणि कुठे थांबायचं, ते कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. नवख्यांसाठी एकच प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. एका चौसष्ट वर्षांच्या मावशींचा फोटो, अबोलीची वेणी, हिरवी नऊवारी, तोंडभर हसू आणि दोन्ही डोळे अर्धवट मिटलेले. काम फोटोशॉपमध्ये केलं. गिंपवाल्यांसाठी वेगळी युक्ती पुढे दिली आहे.

आधी बघा, कोणती पापणी हलली आहे

डोळा लहान दिसतो त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपाय कारणावर ठरतो.

उन्हामुळे किंवा हसण्यामुळे डोळा बारीक होतो तेव्हा डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला जातो. खालची पापणी वर चढते, तिच्याखाली एक छोटी वळी उठते आणि बाहेरच्या कोपऱ्याला सुरकुत्या पडतात. उन्हाचा त्रास जास्त असेल तर भुवईही खाली येते. इथे मुख्य काम खालच्या पापणीवर.

डोळा जड किंवा झोपाळू दिसतो तेव्हा बहुधा खालची पापणी जागेवरच असते आणि वरची उतरलेली असते. थकवा, जागरण, किंवा पापणी मिटतानाच्या क्षणी टिपलेला फोटो, अशी कारणं असतात. काही माणसांची पापणी मुळातच उतरलेली असते. इथे काम वरच्या पापणीवर.

तिसरा प्रकार वयाचा. वरच्या पापणीच्या घडीवरची कातडी सैल होऊन पुढे लोंबते आणि पापणीची कड झाकते. त्यात पापणी उतरलेली नसते, तिच्यावर पडदा आलेला असतो. हा पडदा वर ढकलला की खाली कधी न दिसलेली पापणी दाखवावी लागते, आणि माणूस तिथेच बदलतो. नवख्यांनी या प्रकाराला हात लावू नये, असं मी स्पष्ट सांगतो. फार तर पडद्याखालची सावली थोडी उजळा आणि सोडून द्या.

मावशींचं प्रकरण पहिल्या प्रकारातलं होतं. ऊन आणि हसू, दोन्ही एकदम. एक डोळा दुसऱ्याहून थोडा लहानही होता.

जाता जाता एक सांगतो. जुन्या फोटोंत दोन्ही डोळे सारखे आणि अलीकडच्या सगळ्या फोटोंत एकच पापणी उतरलेली दिसली, तर फोटो नीट करण्याआधी घरच्यांच्या कानावर घाला. पापणी कधीपासून उतरली हे ठरवायला डोळ्यांचे डॉक्टर जुने फोटो बघतात. तुम्ही तर ते फोटो समोर घेऊनच बसलेले असता.

बुबुळ ही तुमची फूटपट्टी

मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण पावणेबारा मिलिमीटर असते. माणसामाणसांत तिच्यात फरक फार थोडा. त्यामुळे फोटो कुठल्याही मापाचा असो, बुबुळ मोजलं की चेहऱ्यावरचं प्रमाण हाती येतं.

फोटोशॉपमध्ये फोटो 200 टक्के मोठा करा, Ruler Tool घ्या आणि बुबुळाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढा. उभं मापू नका, कारण वर-खाली ते पापण्यांनी झाकलेलं असतं. मावशींचं बुबुळ 118 पिक्सेल भरलं. म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर दहा पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. हा हिशेब कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळं त्यावर आहे.

मग बाहुलीच्या, म्हणजे बुबुळातल्या काळ्या ठिपक्याच्या, मधून उभी रेघ, वरच्या पापणीच्या कडेपासून खालच्या पापणीच्या कडेपर्यंत. मावशींच्या उजव्या डोळ्याची फट 72 पिक्सेल, डाव्याची 64. (उजवा-डावा म्हणजे त्यांचा, पडद्यावरचा नव्हे. ही गल्लत मी अजूनही कधीमधी करतो.)

आता प्रश्न असा की फट किती हवी? नवखा माणूस इथे अंदाजाने ओढायला लागतो, आणि अंदाज नेहमी जास्तीकडे झुकतो. उत्तर त्या माणसाच्याच दुसऱ्या फोटोत असतं. मी सुनेकडून मावशींचा घरातला, सावलीतला, साधा बसलेला फोटो मागवला. मोबाइलवरचा होता, छोटा, पण पुरेसा. त्यात बुबुळ 46 पिक्सेल, उजव्या डोळ्याची फट 36, डाव्याची 34. म्हणजे मावशींचा उजवा डोळा आरामात उघडा असताना फट बुबुळाच्या 78 टक्के असते आणि डाव्याची 74 टक्के. म्हणजे दोन डोळ्यांतला फरक नुसता उन्हाचा नव्हता, डावा मुळातच थोडा लहान होता.

हे प्रमाण मोठ्या फोटोला लावलं तर उजव्याची फट 92 आणि डाव्याची 87 व्हायला हवी. पण इथेच थांबा. घरातल्या फोटोत मावशी हसत नव्हत्या. देवळातल्या फोटोत गाल वर चढलेले आहेत, आणि गाल चढले की खालची पापणी थोडी वर येणारच. हसरे गाल आणि पूर्ण उघडे डोळे एकत्र आले की चेहरा खोटा दिसतो, जणू कुणी दम देऊन हसायला लावलंय. म्हणून हसऱ्या फोटोत मी आताच्या मापापासून आरामाच्या मापापर्यंत अर्धंच अंतर जातो. उजवा 72 वरून 82. डावा 64 वरून 76. जवळजवळ एवढंच.

उजव्या डोळ्यात दहा पिक्सेल, म्हणजे खऱ्या चेहऱ्यावर जेमतेम एक मिलिमीटर. हे आकडे ऐकून शिकाऊ मुलं हसतात. मग पडद्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो आलटून पालटून दाखवला की गप्प होतात.

दोन डोळ्यांतला फरक ठेवायचा की घालवायचा? ठेवायचा. मूळ फोटोत तो आठ पिक्सेलचा होता, उन्हाने थोडा वाढवलेला. माझ्या मापात सहा उरला. धंद्याच्या पहिल्या वर्षी मी एका नवऱ्यामुलाचे दोन्ही डोळे पट्टीने मोजून सारखे केले होते. फोटो सुबक झाला आणि घरचे म्हणाले, "हा आमचा नव्हे." चूक काय ते त्यांना सांगता येईना, मलाही समजेना. घरी जाऊन मूळ फाइल उघडली तेव्हा दिसलं की त्याचा एक डोळा जन्मापासून किंचित खाली झुकलेला होता, आणि तो झुकावच मी काढून टाकला होता.

ढकलण्याआधी एक अट

वरची पापणी बाहुलीला कापतेय का ते पाहा. बुबुळाच्या मधला काळा ठिपका पूर्ण दिसत असेल तर पुढे जा. ठिपक्याचा वरचा भाग झाकला असेल तर ढकलून काही साधणार नाही. तिथे जे नाही ते ताणून आणलेलं असेल, आणि अर्धी बाहुली ताणली की लांबट होते. मग त्याच वेळचा, त्याच उजेडातला दुसरा फोटो शोधा आणि तिथला डोळा उचलून बसवा. तो वेगळाच विषय आहे.

मावशींच्या बाबतीत उन्हाने एक भलं केलं होतं. उजेडात बाहुली बारीक होते. त्यांची बाहुली 28 पिक्सेलची होती आणि पापणीच्या कडेपासून चांगली सतरा पिक्सेल खाली. अट पुरी झाली. ती बारीक बाहुली बारीकच राहू द्या. भर उन्हात मोठी बाहुली कुणाची नसते.

प्रत्यक्ष काम

लेयरची प्रत काढा (Ctrl+J), मग Filter मेन्यूतून Convert for Smart Filters करा. असं केलं की Liquify, म्हणजे ज्या फिल्टरने पापण्या ढकलायच्या ते, पुन्हा उघडून दुरुस्त करता येतं. पहिल्या फटक्यात हे काम कुणाचंच जमत नाही, माझंही नाही.

आता एक पायरी अशी, जी बहुतेक जण सोडून देतात. Ellipse Tool घ्या, Shift दाबून एक पूर्ण गोल काढा, आत रंग नको, फक्त एक पिक्सेलची उठून दिसणारी रेघ. हा गोल बुबुळाच्या डाव्या-उजव्या कडांवर नीट बसवा. दोन्ही डोळ्यांना एकेक. बुबुळ गोल असतं, पापण्यांमागे लपलेला त्याचा भागही गोलच असतो. त्या लपलेल्या भागातून किती उघडं पडणार आणि कुठल्या वळणाने, ते हा गोल तुम्हाला सांगतो. माणूस समोर बघत असेल तरच गोल चालेल. मान वळलेली असेल तर बुबुळ थोडं अंडाकृती दिसतं, तसा आकार घ्या.

मग Filter > Liquify. उजवीकडे Show Backdrop सुरू करून गोलाचा लेयर निवडा, Mode मध्ये In Front ठेवा, म्हणजे काम करताना गोल समोर दिसत राहील.

Liquify उघडताच चेहऱ्याचे स्लायडर खुणावतात. Eye Size आणि Eye Height. Eye Size बुबुळासकट अख्खा डोळा मोठा करतो. म्हणजे फट उघडत नाहीच, वर ज्या बुबुळावर सगळा हिशेब उभा आहे तेच सुजतं. Eye Height बुबुळाला उभं ताणतो. घाईच्या कामात चार-पाच अंकांपर्यंत खपून जातं, पण ज्या फोटोची चौकट होऊन भिंतीवर लागणार आहे त्यात मी हे स्लायडर वापरत नाही.

Freeze Mask Tool घ्या, लहान ब्रश. गोठवायचं काय? बाहुली, तिच्यावरची चकाकी, बुबुळाचा मधला पट्टा, डोळ्याचे दोन्ही कोपरे आणि भुवई. बुबुळाचा पापणीलगतचा वरचा आणि खालचा भाग मोकळा ठेवा. पूर्ण बुबुळ गोठवलंत तर पापणी आणि बुबुळ यांच्यामध्ये केसाएवढी जागा ताणली जाईल आणि चिरल्यासारखी दिसेल. मावशींच्या उजव्या डोळ्यात मी वर साधारण बारा पिक्सेलची पट्टी मोकळी ठेवली होती. पापणी चार पिक्सेल वर गेली की ती बारा पिक्सेलची पट्टी सोळाची होते. एवढा ताण डोळ्याला दिसत नाही, शिवाय तिथे पापणीची सावली असते, ती सांभाळून घेते. खाली वीस पिक्सेलची पट्टी मोकळी ठेवली, ती सव्वीसची झाली.

म्हणजे उजव्याच्या दहा आणि डाव्याच्या बारा पिक्सेलची वाटणी अशी: उजव्या डोळ्यात खालची पापणी सहा खाली, वरची चार वर. डाव्यात खालची सात, वरची पाच. ऊन आणि हसू खालच्या पापणीला वर आणतात, म्हणून तिला जास्त. पापणी जड असण्याचं प्रकरण असतं तर सगळं वरच्या पापणीतच केलं असतं आणि खालच्या पापणीला हात लावला नसता.

आता Forward Warp Tool. ब्रशची Size बुबुळाच्या दीडपट, इथे 180. Pressure 15, Density 30 च्या आसपास. लहान ब्रशने पापणीची कड लाटेसारखी होते, फार मोठ्या ब्रशने घडी आणि भुवईही उचलली जाते. वरच्या पापणीच्या कडेवर, पापणीच्या केसांच्या मुळाशी ब्रशचा मध्य ठेवा आणि सरळ वर थोडंसं ढकला. एका दमात नव्हे. पाच-सहा हलके धक्के, प्रत्येक धक्का थोडा बाजूला.

पापणीची कमान सगळीकडे सारखी उचलायची नाही. वरच्या पापणीचं सगळ्यात उंच टोक बाहुलीच्या बरोबर वर नसतं, किंचित नाकाच्या बाजूला असतं. खालच्या पापणीचं सगळ्यात खालचं टोक किंचित बाहेरच्या बाजूला असतं. म्हणजे डोळ्याचा आकार थोडा तिरपा, नीट गोलाकार नव्हे. तुमच्या माणसाच्या कमानीचं टोक नेमकं कुठे आहे ते मूळ फोटोत पाहा, जास्तीत जास्त धक्का तिथेच द्या आणि कोपऱ्यांकडे जाताना तो शून्यावर आणा. सगळ्या चुकांत ही चूक मला सर्वांत जास्त दिसते: शिकाऊ माणूस बाहुलीच्या वर नेमकं मधोमध ओढतो, डोळा बदामाचा सुपारीसारखा होतो आणि मग आकार का बदलला ते त्याला कळत नाही. कोपरे गोठवलेले असूनही.

खालची पापणी करताना ब्रश थोडा मोठा, 200 घ्या. पापणी खाली ढकलताना तिच्याखालची हसण्याची वळी सोबत खाली यायला हवी, चपटी व्हायला नको. मोठ्या ब्रशने ती आपोआप सरकते. वळी चपटी झाली की तोंड हसतंय आणि डोळे हसत नाहीत, असा चेहरा होतो. बाहेरच्या कोपऱ्याच्या सुरकुत्यांना अजिबात हात लावू नका. आणि "वय थोडं कमी करा" हे वेगळं काम आहे, त्याचे पैसेही वेगळे.

पापणीची घडीही बघत राहा. डोळा खरोखर उघडतो तेव्हा पापणी घडीखाली सरकते, म्हणून पापणीचा दिसणारा पट्टा थोडा अरुंद होणं बरोबरच आहे. पण पट्टा जवळपास नाहीसा झाला तर थांबा. पट्टा जसाच्या तसा राहून घडी वर गेली असेल तर ब्रश मोठा होता, Reconstruct Tool ने घडीवर हलकं फिरवून तिला परत आणा.

आता त्या गोलाकडे बघा. वरची पापणी चार पिक्सेल वर गेली, तिच्यासोबत बुबुळाच्या कडाही वर ताणल्या गेल्या. पण गोल वर जाताना आत वळतो, ताणलेली कड मात्र सरळ वर जाते. मावशींच्या डोळ्यात पापणीलगत बुबुळ दोन्ही बाजूंनी अडीच-तीन पिक्सेल गोलाच्या बाहेर आलं होतं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर कळत नाही, पण बघणाऱ्याला नजर "कशीतरी" वाटते. 40 चा छोटा ब्रश घेऊन त्या कडा आत ढकला, गोलावर बसेपर्यंत. खालीही तसंच. ताणलेला डोळा आणि उघडलेला डोळा यांतला फरक या दोन मिनिटांत ठरतो.

Ok करण्याआधी गोल दाखवणं बंद करा आणि 100 टक्क्यांवर पाहा. बुबुळाच्या वर पांढरी फट दिसत असेल तर तुम्ही फार पुढे गेलात. शांत बसलेल्या माणसाची वरची पापणी बुबुळावर एक-दोन मिलिमीटर तरी टेकलेली असते. वर पांढरं दिसलं की डोळे वटारलेले किंवा घाबरलेले दिसतात. मावशींच्या उजव्या डोळ्यावर कामानंतरही पापणी 24 पिक्सेल, म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिमीटर टेकलेली होती. उन्हात हसणाऱ्या बाईला ते शोभतं.

ढकलून झाल्यावरची डागडुजी

Liquify बंद केल्यावर 200 टक्क्यांवर पापणीच्या कडेने फिरा. दोन गोष्टी बिघडतात. एक, ताणलेल्या पट्टीत बुबुळाच्या रेषा लांबट आणि धूसर होतात. वर नवा लेयर घ्या, Clone Stamp, Sample मध्ये All Layers, Opacity 30 टक्के, आणि शेजारच्या बुबुळातून थोडं थोडं उचलून त्या पट्टीवर ठेवा. रेषा बाहुलीतून बाहेर किरणांसारख्या जातात, तीच दिशा ठेवा. चार पिक्सेलच्या कामात हे बहुधा लागतही नाही. लागलं तर तुम्ही जास्त ओढलं असण्याची शक्यता आहे.

दोन, सावली. पापणी आणि तिचे केस बुबुळाच्या वरच्या भागावर आणि पांढऱ्या भागावर बारीकशी सावली टाकतात. पापणी सरकली की ती सावली पसरून फिकट होते आणि बुबुळ चिकटवल्यासारखं पुढे येतं. Curves चा लेयर थोडा गडद करून, मास्क काळा करून, मऊ ब्रशने फक्त पापणीच्या कडेलगत ती सावली परत द्या. रुंदी जास्तीत जास्त दहा-बारा पिक्सेल. पांढरा भाग उजळायचा मोह आवरा. त्यातल्या लाल रेषाही असू द्या, दुपारी चारपर्यंत उपाशी राहून पूजेला बसलेल्या बाईच्या डोळ्यांत त्या असणारच.

गिंपमध्ये

गिंपच्या Warp Transform मध्ये Move pixels निवडा, Strength 15 च्या आसपास ठेवा. तिथे गोठवायची सोय नाही. म्हणून लेयरच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीवर पापण्या ढकला, बुबुळ ताणलं तरी काळजी करू नका. वरच्या प्रतीला काळा लेयर मास्क लावा आणि पांढऱ्या मऊ ब्रशने फक्त बाहुली, चकाकी आणि बुबुळाचा मधला पट्टा उघडा. मूळ, न ताणलेलं बुबुळ ताणलेल्यावर येऊन बसतं. गोल काढून कडा तपासणं इथेही तेवढंच गरजेचं, उलट जास्तच.

तपासणी

फोटो आडवा उलटा करा, Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal. ज्या चेहऱ्याकडे तासभर बघत होतात तो उलटा झाला की सरावलेली नजर मोडते आणि एक डोळा जास्त उघडला असेल तर लगेच टोचतो. मग सरळ करा. मोबाइलवर पाठवून छोट्या मापात बघा. पुन्हा मोजा, माझी मापं उजवा 82, डावा 76 अशी यायला हवी होती. डावा पहिल्यांदा 80 आला होता. हात सरावला की दुसऱ्या डोळ्यावर जोर जास्त पडतो आणि नकळत दोन्ही डोळे सारखे व्हायला लागतात. Smart Filter पुन्हा उघडून चार पिक्सेल परत घेतले.

शेवटी त्या माणसाला रोज बघणाऱ्या कुणाला तरी दाखवा, पण काय केलंय ते सांगू नका. "काय बदललं?" असं विचारू नका, "फोटो कसा आहे?" एवढंच विचारा. त्याने डोळ्यांचा उल्लेख केला, अगदी कौतुकाने केला, तरी मी दोन पिक्सेल मागे येतो.

पासपोर्ट, व्हिसा किंवा कुठल्याही ओळखपत्राच्या फोटोवर हे काम करायचं नाही. तिथे फोटोत फेरफार चालत नाही, आणि पापणी हा ओळखीचाच भाग आहे. कुणी कितीही आर्जव केलं तरी मी त्याला खुर्चीवर बसवून दुसरा फोटो काढतो. उन्हातही तोच उपाय आहे खरं तर: माणसाची पाठ उन्हाकडे करा, डोळे मिटायला सांगा, तीन मोजा आणि उघडताक्षणी बटण दाबा. पण लग्नघरी हे ऐकायला वेळ कुणाला असतो.

मावशी स्वतः फोटो न्यायला आल्या, सुनेसोबत. चौकट हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. मी जरा धाकधुकीतच होतो. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "अबोलीची वेणी इतकी घसरली होती आणि तुला सांगावंसं वाटलं नाही?" डोळ्यांबद्दल एक शब्द नाही. मी बिल पुढे केलं.